"तुमचा आवाज तुटतोय" असं कोणी म्हणालं की आधी काय बंद करायचं: कमी नेटवर्कवर व्हिडिओ कॉल टिकवायची पद्धत

व्हिडिओ कॉल अडकायला लागला की बहुतेक लोक एकच गोष्ट करतात, कॉल कट करून परत लावतात. परत लावल्यावर पाच मिनिटं बरं चालतं, मग पुन्हा तेच. कारण परत लावल्याने रस्ता रुंद होत नाही ना, त्याच अरुंद रस्त्यावर आपण परत तेवढंच सामान घेऊन निघालेलो असतो. सामान कमी करायचं, एवढीच युक्ती आहे. पण कुठलं सामान कमी करायचं हे आधी ओळखावं लागतं आणि तिथेच नवीन माणूस चुकतो, म्हणून ओळखण्यापासूनच सुरुवात करूया.

आधी बघा, अडकतंय कोणत्या बाजूला

व्हिडिओ कॉलमध्ये एकाच वेळी दोन प्रवाह चालू असतात. तुमचा आवाज आणि चेहरा तुमच्या फोनमधून बाहेर जातो, त्याला अपलोड म्हणायचं. समोरच्यांचा आवाज आणि चेहरे तुमच्या फोनमध्ये येतात, ते डाउनलोड. हे दोन्ही वेगवेगळे बिघडतात आणि दोघांवरचा उपायही वेगळा आहे.

ओळखायची पद्धत अगदी सोपी आहे. समोरचे म्हणतायत "आवाज तुटतोय, रोबोटसारखा येतोय, तुमचं चित्र थांबलंय", पण तुम्हाला मात्र त्यांचं सगळं नीट ऐकू येतंय आणि दिसतंय, तर तुमचं अपलोड बिघडलंय. उलट असेल, म्हणजे तुम्हाला सगळे अडकलेले दिसतायत पण त्यांना तुम्ही छान ऐकू येताय, तर डाउनलोड. आणि सगळ्यांना फक्त एकच माणूस अडकलेला दिसत असेल तर तो त्या माणसाचा प्रॉब्लेम आहे, तुम्ही तुमच्या फोनमध्ये काहीही करून उपयोग नाही, उगाच सेटिंग्ज उचकटू नका.

रेंज कमी असेल तर बहुतेक वेळा आधी अपलोडच मार खातं. त्याचं कारण असं की टॉवर मोठ्या ताकदीने सिग्नल पाठवतो, त्याची ताकद दहा-वीस वॅट किंवा त्याहूनही जास्त असते, आणि आपला फोन साधारण 0.2 वॅटपेक्षा जास्त ताकद लावू शकत नाही. म्हणजे टॉवर ओरडून बोलतोय ते आपल्याला ऐकू येतं पण आपण कुजबुजतो ते टॉवरपर्यंत नीट पोचत नाही. म्हणून यूट्यूब मस्त चालतंय तरी मीटिंगमध्ये तुमचा आवाज तुटतो. "माझं नेट तर चांगलं आहे हो, आत्ताच व्हिडिओ बघत होतो" असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो, तो फक्त डाउनलोडचं सांगत असतो.

किती डेटा लागतो, एकदा हिशोब करून ठेवा

हा हिशोब एकदा डोक्यात बसला की पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप कळतात. स्पीड केबीपीएसमध्ये मोजतात, म्हणजे सेकंदाला किती हजार बिट. त्या आकड्याला 0.45 ने गुणलं की तासाला किती एमबी जातात ते येतं. म्हणजे 100 केबीपीएस सतत चाललं तर तासाला 45 एमबी. बास, एवढंच लक्षात ठेवायचं.

आता झूमचे आकडे उदाहरणाला घेऊ कारण ते आकडे कंपनीनेच दिलेत. दोघांच्या कॉलमध्ये बऱ्यापैकी चांगल्या व्हिडिओला जायला 600 आणि यायला 600 केबीपीएस लागतात, म्हणजे एकूण 1200, म्हणजे तासाला 540 एमबी. 720पी हवं असेल तर प्रत्येक बाजूला 1200, तासाला एक जीबीच्या वर गेलं. आणि नुसत्या आवाजाला? 60 ते 80 केबीपीएस. दोन्ही बाजू 80 धरल्या तरी तासाला 72 एमबी. दुसऱ्या ॲपचे आकडे थोडे इकडेतिकडे असतील पण प्रमाण असंच राहतं, आवाज म्हणजे खिशातली सुट्टी नाणी आणि व्हिडिओ म्हणजे अख्खं पाकीट.

म्हणूनच कमी नेटवर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की आवाज वाचवायचा असतो, चित्र नाही. चित्र गेलं तर मीटिंग चालते. आवाज गेला तर संपलं.

पायरी 1: कॉलच्या आधी मागे काय चाललंय ते थांबवा

कॉल लावायच्या आधी दोन मिनिटं काढा. फोनमध्ये मागे सगळ्यात जास्त अपलोड खाणारी गोष्ट म्हणजे फोटोंचा बॅकअप. काल कुठल्यातरी कार्यक्रमात तुम्ही दीडशे फोटो आणि चार व्हिडिओ काढलेत आणि आज फोन ते गुपचूप वर चढवत बसलाय, त्यात तुमचा आवाज रांगेत मागे उभा. फोटोच्या ॲपमध्ये जाऊन मोबाइल डेटावर बॅकअप बंद करून टाका, कॉलपुरता नाही, कायमचाच, वायफाय मिळेल तेव्हा होईल तो. तसंच व्हॉट्सॲपमध्ये मोबाइल डेटावर फोटो व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करा, नाहीतर ऐन मीटिंगमध्ये ग्रुपवर कोणी व्हिडिओ टाकला की तुमचं डाउनलोड गेलं.

अँड्रॉइडमध्ये `Data Saver` नावाचं बटण असतं, ते चालू केलं की मागे चालणाऱ्या ॲप्सना मोबाइल डेटा बराचसा बंद होतो, समोर उघडलेलं ॲप चालू राहतं. आयफोनमध्ये मोबाइल डेटाच्या सेटिंगमध्ये `Low Data Mode` आहे. हे कॉलच्या आधी लावायची सवय करा. पण बॅटरी सेव्हर हा वेगळा प्रकार आहे, तो याच्याबरोबर लावू नका, त्याने फोन हळू होतो आणि मग व्हिडिओ नेटमुळे अडकतोय की फोनमुळे हेच कळत नाही.

आणि हो, घरात त्याच फोनच्या हॉटस्पॉटवर अजून कोणी बसलंय का ते पण विचारा. हे विचारायचं राहतं हो नेहमी.

पायरी 2: बसायची जागा

सेटिंगपेक्षा जागेने जास्त फरक पडतो हे मी आधी मानायचो नाही. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमध्ये फोनची माहिती असते तिथे सिमच्या स्टेटसमध्ये सिग्नलचा खरा आकडा दिसतो, उणे चिन्हाचा, शेवटी dBm लिहिलेला. उणे 85 म्हणजे चांगलं, उणे 110 च्या पुढे गेलं की रडत चालणार, उणे 120 म्हणजे जवळजवळ नाहीच. वरच्या काड्यांपेक्षा हा आकडा बघत घरात एक फेरी मारा, खिडकीजवळ आणि आतल्या भिंतीजवळ दहा-पंधराचा फरक सहज निघतो आणि 10 चा फरक म्हणजे सिग्नलची ताकद दहापट हे विसरू नका.

लॅपटॉपवर मीटिंग असेल तर एक युक्ती आहे, फोन खिडकीत ठेवा आणि तुम्ही आत आरामात बसा. फोनने टॉवर पकडायचा आणि हॉटस्पॉटने लॅपटॉपला द्यायचं. फोन हातात धरून आत बसण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं.

पण काड्या पूर्ण आहेत, आकडा चांगला आहे आणि तरी अडकतंय, खास करून संध्याकाळी, तर समजा टॉवरवर गर्दी आहे. तिथे खिडकी बदलून काही होत नाही. तिथे सामानच कमी करायचं किंवा शक्य असेल तर वेळ बदलायची. अजून एक, फोन सारखा 5जी वरून 4जी वर आणि परत 5जी वर उड्या मारत असेल तर प्रत्येक उडीला आवाज एखादा सेकंद जातो, मग नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 5जी बंद करून 4जी वरच ठेवा. स्पीड कमी झाला तरी चालेल, कॉलला स्पीडपेक्षा न तुटणं महत्त्वाचं.

पायरी 3: क्वालिटी कमी करा, दोन्ही बाजूंची

व्हॉट्सॲपमध्ये `Settings`, मग `Storage and data`, तिथे `Use less data for calls` हे चालू करा. एकदाच करायचं, मग विसरून जायचं. सिग्नल ॲपमध्येही डेटाच्या सेटिंगमध्ये याच नावाचं बटण आहे आणि तिथे फक्त मोबाइल डेटावरच लागू करायची सोय पण आहे. झूममध्ये लॅपटॉपवर व्हिडिओच्या सेटिंगमध्ये `HD` ची खूण काढून टाका. गूगल मीट लॅपटॉपवर वापरत असाल तर व्हिडिओच्या सेटिंगमध्ये पाठवायचं रिझोल्यूशन वेगळं आणि यायचं वेगळं निवडता येतं, आणि हे मला फार आवडतं कारण सुरुवातीला आपण जे ओळखलं ना, अपलोड की डाउनलोड, तसं नेमकं तेवढंच कमी करता येतं. ॲप अपडेट झालं की मेनू इकडचे तिकडे होतात, तेव्हा नाव सापडलं नाही तर सेटिंगमध्ये data किंवा video अशा शब्दांखाली शोधा.

720पी वरून 360पी वर आलं की चित्रातले ठिपके निम्मे होत नाहीत, पाव होतात, कारण उंची आणि रुंदी दोन्ही अर्ध्या झाल्या. 1280 गुणिले 720 आणि 640 गुणिले 360 करून बघा. फोनच्या स्क्रीनवर, त्यातही सहा चौकटींमध्ये विभागलेल्या स्क्रीनवर, हा फरक कोणाला दिसत पण नाही.

कॅमेरा चालू ठेवायचाच असेल तर तो कशावर रोखलाय हे पण बघा. व्हिडिओत मागच्या चित्रापेक्षा काय बदललं तेवढंच मुख्यतः पाठवलं जातं. मागे फिरणारा पंखा, हलणारे पडदे, हातात धरलेला थरथरता फोन, हे सगळं सारखं बदलतं आणि मिळेल तेवढं नेट तेच खाऊन टाकतं, मग तुमचा चेहरा चौकोनी ठिपक्यांचा होतो. फोन कशाला तरी टेकवून ठेवा, मागे साधी भिंत, आणि उजेड तोंडावर येऊ द्या कारण अंधारात कॅमेऱ्याच्या चित्रात बारीक खरखर येते आणि ती खरखर पण हालचालीसारखीच मोजली जाते.

पायरी 4: व्हिडिओ थांबवा, पण योग्य तो

आता इथे सुरुवातीची ओळख कामाला येते. अपलोड बिघडलंय तर स्वतःचा कॅमेरा बंद करा. डाउनलोड बिघडलंय तर इतरांचे व्हिडिओ यायचे थांबवा. झूममध्ये यासाठी मेनूत `Stop Incoming Video` असं बटण आहे, मीटमध्ये येणाऱ्या व्हिडिओच्या सेटिंगमध्ये फक्त आवाजाचा पर्याय आहे. तेवढं टोकाला जायचं नसेल तर सगळ्यांच्या चौकटी दिसणाऱ्या व्ह्यूवरून जो बोलतोय तोच दिसेल अशा व्ह्यूवर या, तेवढ्यानेच येणारा भार बराच उतरतो.

खूप जणांची चूक इथेच होते. माझी एक मावसबहीण ऑनलाइन गणिताचा क्लास घेते, फोनवरूनच, झूमवर, सहा मुलं, दीड तास. तिचा एके दिवशी फोन आला, "दादा, मुलं म्हणतायत मॅडम तुमचा आवाज तुटतोय, मी सगळ्या मुलांना कॅमेरे बंद करायला लावले तरी काही फरक नाही." मी विचारलं, तुला मुलांचं ऐकू येतं का? म्हणाली, "एकदम क्लिअर येतं रे, तेच तर कळत नाही." आता तुमच्या लक्षात आलं असेलच. अडलं होतं तिचं अपलोड आणि तिने बंद करायला लावलं होतं डाउनलोड. बिचारी मुलं विनाकारण अंधारात बसली होती. त्याने तिचा डेटा वाचला असेल, पण आवाज सुधारायचा काही संबंधच नव्हता.

वर तिच्याकडे त्या दिवसाचा 400 एमबी डेटाच उरला होता. मग आम्ही हिशोब मांडला. ग्रुप कॉलला झूमचा आकडा जायला 1000 आणि यायला 600 केबीपीएस असा आहे, म्हणजे एकूण 1600, गुणिले 0.45, तासाला 720 एमबी. दीड तासाला 1080. म्हणजे 400 एमबी पस्तीस मिनिटांतच संपले असते, आवाज सुधारला असता तरी.

मग असं ठरवलं. पहिली पाच मिनिटं आणि शेवटची पाच मिनिटं कॅमेरा चालू, मुलांना मॅडमचा चेहरा दिसला पाहिजे हे तिचं म्हणणं आणि ते बरोबरच आहे. मधली ऐंशी मिनिटं सगळ्यांचे कॅमेरे बंद, तिने गणितं आधीच पानावर लिहून फोटो काढून ठेवलेले ते स्क्रीन शेअर करायचे आणि बोलायचं. स्थिर पान शेअर करायला झूमला 50 ते 75 केबीपीएस लागतात. तिचा आवाज जायला 80, पान जायला 75, मुलांचा आवाज यायला 80, झाले 235, म्हणजे तासाला साधारण 106 एमबी. ऐंशी मिनिटांचे 141. कॅमेऱ्याच्या दहा मिनिटांचे 120. एकूण 261. आणि मुख्य म्हणजे बाहेर जाणारा भार 1000 वरून 155 वर आला, तेवढा तर तिच्या रडक्या रेंजवर पण बसत होता. त्या दिवशी आवाजाची तक्रार शेवटच्या पाच मिनिटांतच आली, कॅमेरा चालू केल्यावर, आणि तेव्हा काय करायचं ते तिला कळलेलं होतं.

स्क्रीन शेअरमध्ये एकच पथ्य, पान स्थिर हवं. सारखं वरखाली सरकवलं किंवा शेअर करून व्हिडिओ लावला की आकडा परत वर जातो. व्हिडिओ दाखवायचा असेल तर त्याची लिंक आधीच पाठवून ठेवा, ज्याला त्याला आपापल्या नेटवर बघू दे.

पायरी 5: खरंच वाचतोय का ते मोजा

कॉल सुरू करायच्या आधी फोनच्या सेटिंगमध्ये डेटा वापरात त्या ॲपचा आकडा बघून कुठेतरी लिहा. दहा मिनिटांनी परत बघा. फरक गुणिले सहा, हा तुमचा तासाचा खर्च. शंभरच्या आसपास आला तर आवाजावर चाललंय, पाचशेच्या वर आला तर कुठलातरी व्हिडिओ अजून चालू आहे, शोधा. स्पीड टेस्ट मात्र कॉल चालू असताना करू नका, ती टेस्ट सगळा रस्ता स्वतःच अडवते आणि डेटा खाते ते वेगळंच. करायची तर आधी करा आणि त्यात अपलोडचा आकडा बघा, सगळे मोठ्या अक्षरातला डाउनलोडच बघत बसतात.

मोजूनही गडबड कळत नसेल तर फोनला हात लावा. फोन तापला असेल आणि तुमचं स्वतःचं चित्र तुमच्याच स्क्रीनवर अडखळत असेल तर नेटचा दोष नाही, कारण ते चित्र नेटवरून येतच नाही, थेट कॅमेऱ्यातून येतं. चार्जिंग काढा, कव्हर काढा, मागचं धूसर करणारा इफेक्ट बंद करा, उन्हातून उठा.

सगळं करूनही आवाज तुटला तर

आधी विमान मोड दहा सेकंद लावून काढा, फोन टॉवर नव्याने शोधतो आणि कधीकधी बरा टॉवर मिळतो. कॉल यात तुटतो, तेव्हा सांगून करा.

तरीही नाही जमलं, म्हणजे 80 केबीपीएस पण मिळत नाही, किंवा दिवसाचा कोटा संपून स्पीड एकदम तळाला गेलाय, तर आवाज नेटवरून न्यायचा हट्ट सोडा. काही मीटिंगच्या निमंत्रणात साधा फोन नंबर दिलेला असतो, तो फिरवून मीटिंगमध्ये आवाजाने बसता येतं, त्या कॉलचा दर मात्र तुमच्या प्लॅनप्रमाणे लागेल. नंबर नसेल तर मीटिंगमधल्या कोणाला तरी साधा कॉल करा आणि त्याला स्पीकर चालू ठेवायला सांगा. हे करताना तुमच्या फोनमध्ये व्होएलटीई चालू आहे ना ते बघा, नसेल तर साधा कॉल लागला की फोन जुन्या नेटवर्कवर उतरतो आणि त्या वेळात मोबाइल डेटा एकदम मंद होतो नाहीतर थांबतोच, मग आवाज फोनवर आणि स्लाइड नेटवर असा बेत फसतो. आणि साधा कॉल लावला की मीटिंगच्या ॲपमधला आवाज आणि माइक दोन्ही बंद करायला विसरू नका, नाहीतर तुमचाच आवाज दोन रस्त्यांनी, एक सेकंदाच्या फरकाने सगळ्यांना ऐकू येतो.